ऐकले काय आणि वाटले काय: तुलनेला उतरणारी मुलाखतीची नोंद

प्रश्न: आमच्या कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअरच्या एका जागेसाठी तीन आठवड्यांत सात मुलाखती झाल्या. प्रत्येक मुलाखतीनंतर मी फीडबॅक फॉर्म भरला, पण आता निवडीच्या बैठकीआधी माझ्याच नोंदी वाचतो तर कोण काय बोलला होता ते आठवत नाही. ‘चांगला आहे’, ‘ठीक’, ‘आत्मविश्वास कमी’ एवढेच लिहिलेले दिसते. नोंद पुराव्याला धरून राहील आणि नंतर तुलनाही करता येईल, अशी कशी लिहायची?

उत्तर: तुमच्या फॉर्मवर निष्कर्ष उतरले आहेत, पण ते ज्याच्या आधारे काढले ती उमेदवाराची उत्तरे उतरलेली नाहीत. मुलाखतीच्या दिवशी ही उणीव जाणवत नाही, कारण उत्तर अजून कानात असते. तीन आठवड्यांनी ते विसरलेले असते, आणि एकाचे ‘चांगला’ दुसऱ्याच्या ‘चांगला’शी ताडून पाहण्याचा काही मार्ग उरत नाही.

मी स्वतः हे चांगलेच भोगले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी शिफ्ट इन्चार्जच्या एका जागेसाठी आम्ही उमेदवार निवडला. त्याचा नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा होता आणि रुजू होण्याच्या आठवडाभर आधी त्याने फोन करून सांगितले की सध्याच्या कंपनीने पगार वाढवला, त्यामुळे तो येणार नाही. आता उरलेल्यांतून निवड करायची होती. माझ्या फायलीत एकाबद्दल लिहिले होते, ‘टेक्निकली स्ट्राँग, जरा अबोल’ आणि दुसऱ्याबद्दल, ‘टेक्निकली स्ट्राँग, बोलका’. जवळजवळ तीन महिन्यांपूर्वीच्या त्या दोन ओळींवर आम्ही बोलक्याला घेतले. तो वाईट निघाला असे नाही, पण त्याला का घेतले याचे उत्तर त्या कागदात नव्हते आणि माझ्याकडेही नव्हते. आपल्याकडे लांब नोटीस पिरियड आणि ऐनवेळची माघार नेहमीचीच असल्यामुळे, नोंद महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा वाचली जाणार आहे असे धरूनच ती लिहावी.

मेंटेनन्स इंजिनिअरचेच उदाहरण पुढे चालवतो, आमच्याकडे अशाच जागेसाठी झालेल्या सात मुलाखतींचे, म्हणजे हवेत बोलायला नको.

नोंदीचे अर्धे काम मुलाखतीआधी होते. सात जणांना सात वेगळे प्रश्न विचारले असतील तर कितीही काटेकोर लिहिले तरी तुलना होणार नाही. म्हणून चार प्रश्न ठरवून घ्यावेत आणि ते प्रत्येकाला त्याच शब्दांत विचारावेत. उपप्रश्न उत्तराप्रमाणे बदलू द्यावेत. माझा पहिला प्रश्न असा असतो: ‘गेल्या वर्षभरात तुम्ही स्वतः हाताळलेला, सगळ्यात जास्त वेळ चाललेला ब्रेकडाउन सांगा.’ या प्रश्नातून दोन गोष्टी पाहायच्या असतात. एक, दोष शोधण्याची पद्धत. आणि दोन, यंत्र उघडण्याआधीची सुरक्षितता. या दोन्हींसाठी गुणांच्या पायऱ्या शब्दांत आधीच लिहून ठेवायच्या. दोष शोधण्याच्या पायऱ्या आम्ही अशा लिहिल्या होत्या: एक गुण, जो एकामागून एक भाग बदलून पाहतो आणि तोच भाग का बदलला ते सांगू शकत नाही, दोन गुण, जो दोष कुठल्या बाजूला आहे हे ठरवणारी चाचणी करतो, पण भाग बदलून झाल्यावर, तीन गुण, जो चाचणी आधी करतो आणि मग भागाला हात लावतो, चार गुण, जो याशिवाय दोष पुन्हा येऊ नये म्हणून काय बदलले आणि तो बदल टिकला का, हेही सांगतो. पायऱ्या मुद्दाम चार ठेवल्या आहेत. पाच ठेवल्या की निम्मे लोक तीनवर जाऊन बसतात आणि ‘तीन’चा अर्थ ‘मला ठरवता आले नाही’ असा होऊन जातो.

प्रत्यक्ष मुलाखतीत पूर्ण वाक्ये लिहीत बसू नये. समोरच्याच्या डोळ्यांत पाहणे सुटते. सुरुवातीला सांगून टाकावे की ‘मी मधूनमधून लिहीन, त्याचा अर्थ उत्तर चुकले असा नाही’ आणि तुटक शब्दांत टिपत राहावे. दोनच खुणा मी पाळतो: उमेदवाराने आपणहून सांगितलेल्या गोष्टीपुढे ‘आ’ आणि मी विचारल्यावर सांगितलेल्या गोष्टीपुढे ‘वि’. या दोन अक्षरांइतकी उपयोगी दुसरी युक्ती मला सापडलेली नाही. तिसऱ्या उमेदवाराच्या वेळची माझी कच्ची टिपणे साधारण अशी होती:

> हायड्रॉलिक प्रेस, दाब टिकेना. आधी पंप बदलला, ‘मागच्या वेळी तोच गेला होता’ (आ). फरक नाही, ५ तास गेले. मग सिलिंडरची लाइन प्लग करून पाहिली, १८० बार टिकला, म्हणजे पंप आणि रिलीफ व्हॉल्व्ह ठीक (आ). पिस्टनचे सील कापलेले. एकूण ९ तास. स्वतः काय? प्लग लावून चाचणी स्वतः. सील फिटरने बदलले (वि). मेन स्विच बंद, कुलूप, टॅग (आ). रॅमखाली ठोकळा? ‘हो, ठेवतो’ (वि). गेज शून्यावर आला का? बोलला नाही, मीही विचारले नाही.

मुलाखत संपल्यावर पुढचा उमेदवार आत येण्याआधी वीस मिनिटे मोकळी ठेवावीत आणि याच वेळात पक्की नोंद लिहावी. संध्याकाळी सगळ्या एकदम लिहू म्हटले की दुपारच्या उमेदवाराचे उत्तर सकाळच्याच्या नावावर जाते. याहून महत्त्वाचे म्हणजे पॅनेलमधल्या दुसऱ्या कोणाशी एक शब्दही बोलण्याआधी नोंद आणि गुण लिहून झाले पाहिजेत. दाराबाहेर पडताना साहेब ‘पोरगा बरा वाटला’ एवढे म्हणाले तरी त्यानंतर लिहिलेली नोंद आपली राहत नाही.

वरच्या टिपणांवरून झालेली पक्की नोंद अशी:

> दोष शोधण्याची पद्धत. हायड्रॉलिक प्रेसचा दाब टिकत नव्हता. मागच्या वेळी पंप खराब होता म्हणून या वेळी आधी पंप बदलला. त्यात पाच तास गेले आणि फरक पडला नाही, हे आपणहून सांगितले. त्यानंतर सिलिंडरकडे जाणारी लाइन बंद करून दाब पाहिला, १८० बार टिकला, त्यावरून दोष सिलिंडरच्या बाजूला आहे असे ठरवले. पिस्टनचे सील कापलेले निघाले. चाचणी स्वतः केली, सील फिटरने बदलले. दोष पुन्हा येऊ नये म्हणून काय केले: विचारले, ‘सील बदलले’ एवढेच सांगितले. गुण २.
>
> सुरक्षितता. मेन स्विच बंद, कुलूप आणि टॅग हे आपणहून. रॅमखाली ठोकळा ठेवतो हे विचारल्यावर. अडकलेला दाब सोडून गेज पाहण्याबद्दल विचारले नाही. गुण २.
>
> माझा अर्थ. चाचणीचे तर्कशास्त्र पक्के आहे, पण दडपणाखाली सवयीचा भाग आधी बदलला. स्वतःची चूक न विचारता सांगितली.

यात ‘माझा अर्थ’ वेगळा ठेवला आहे, गाळलेला नाही. पुराव्याला धरून राहायचे म्हणजे मत द्यायचेच नाही असा अनेकांचा समज होतो आणि मग नोंद पोलिसी पंचनाम्यासारखी कोरडी होते. अनुभवी माणसाला जे वाटते त्याला किंमत आहे. फक्त ते मत आहे हे दिसले पाहिजे आणि वरच्या परिच्छेदातल्या कोणत्या वाक्यावर ते उभे आहे ते बोट ठेवून दाखवता आले पाहिजे. बोट ठेवायला वाक्य सापडत नसेल तर ते मत खोडावे. ‘आत्मविश्वास कमी’ हे तुमचे वाक्य या कसोटीला लावून पाहा. तुम्ही काय पाहिले होते? उत्तर द्यायला वेळ घेतला? प्रत्येक उत्तराआधी ‘बहुतेक’ म्हटले? की आवाज हळू होता? पहिल्या दोन गोष्टी तशाच्या तशा लिहिण्यासारख्या आहेत, आणि विचार करून उत्तर देणारा मेंटेनन्सवाला मला तरी चालतो. तिसरीचा या कामाशी संबंध नाही.

‘आम्ही’ या शब्दाबद्दल थोडे सांगायला हवे. मुलाखतीवरच्या इंग्रजी मार्गदर्शनात असे सांगितलेले असते की उमेदवार ‘आम्ही, आम्ही’ म्हणत असेल तर काम त्याचे नसावे असा संशय घ्यावा. आपल्याकडे हे जसेच्या तसे लागू करू नये. स्वतःच्या कामाबद्दलही ‘आम्ही केलं’ म्हणणे ही इथली रीत आहे. ‘मी केलं’ म्हणणे पुष्कळांना बढाई वाटते. म्हणून ‘आम्ही’ ऐकून गुण कापायचे नाहीत, तर ‘त्यात तुमच्या हातानं काय झालं?’ हा उपप्रश्न प्रत्येकाला विचारायचा आणि जे उत्तर येईल ते लिहायचे. आमच्या पाचव्या उमेदवाराला हाच प्रश्न विचारला होता. तो छान बोलत होता. कन्व्हेयरची मोटर वारंवार ट्रिप होण्याचा किस्सा, फिशबोन आकृती, पाच वेळा ‘का’ विचारण्याची पद्धत असे सगळे त्याने व्यवस्थित मांडले. हातानं काय झालं, असे विचारल्यावर म्हणाला, ‘ड्राइव्हच्या कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर आला होता, मी को-ऑर्डिनेट केलं.’ स्वतः शोधलेला दुसरा एखादा दोष विचारला, तो आठवला नाही. पॅनेलमधल्या एकाच्या नोंदीत यावर ‘उत्कृष्ट ॲनॅलिटिकल ॲप्रोच’ असे लिहिलेले निघाले. ते खोटे नव्हते. पण तो ॲप्रोच सर्व्हिस इंजिनिअरचा होता.

भाषेचेही असेच. आमचे फॉर्म इंग्रजीत आणि उत्तरे मराठी-हिंदीत. उमेदवाराचे वाक्य इंग्रजीत नेताना त्यातला पुरावा गळून पडतो. ‘लाइन बंद करून पाहिली, दाब टिकला, म्हटलं पुढंच काहीतरी आहे’ यातून विचाराची पायरी दिसते. त्याचे इंग्रजी करताना एखादा गुळगुळीत वाक्प्रचार बसतो आणि सातही उमेदवार सारखे दिसू लागतात. म्हणून उमेदवाराची एक-दोन वाक्ये त्याच्याच शब्दांत ठेवावीत आणि उत्तर कोणत्या भाषेत दिले तेही लिहावे. प्रश्न इंग्रजीत विचारल्यावर गप्प राहिलेला आणि मराठीत विचारल्यावर दहा मिनिटे नेमके बोललेला उमेदवार मी पाहिला आहे. तिथे ‘कम्युनिकेशन वीक’ लिहिणे म्हणजे प्रश्नाची चूक उत्तराच्या माथी मारणे होय. कामाला इंग्रजी लागत असेल, आणि यंत्राचे मॅन्युअल वाचायला ते लागतेच, तर मॅन्युअलमधले अलार्मच्या यादीचे एक पान सगळ्यांच्या पुढे ठेवावे आणि अर्थ विचारावा. ती नोंद स्वच्छ असते.

लग्न, मुले, गाव, आडनाव, घरी कोण कमावते, या गोष्टी विचारायच्या नाहीत आणि बोलण्याच्या ओघात आपणहून आल्या तरी लिहायच्या नाहीत. पाळीचा प्रश्न असेल तर प्रत्येकाला एकाच वाक्यात विचारावा: ‘दुपारी साडेतीन ते रात्री बारा ही पाळी आणि महिन्यातून एक रविवार, जमेल का?’ उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा घातलेली अट, एवढेच लिहावे.

आता तुलनेकडे येतो, कारण बहुतेक फॉर्म इथेच फसतात. फॉर्मवरची रिकामी जागा तीन गोष्टी लपवते: विचारले आणि उत्तर कमी पडले, विचारले पण सांगण्यासारखे काही मिळाले नाही, विचारलेच नाही. तीन आठवड्यांनी या तिन्ही सारख्याच दिसतात आणि वाचणारा त्यांचा अर्थ उमेदवाराच्या विरुद्ध लावतो. म्हणून रिकामी जागा ठेवायचीच नाही. पहिल्या प्रकारात पायरीप्रमाणे गुण, दुसऱ्यात गुण न देता ‘विचारले, मिळाले नाही’, तिसऱ्यात ‘विचारले नाही’ आणि त्यापुढे कारण. पाचव्या उमेदवाराच्या दोष शोधण्याच्या रकान्यात ‘विचारले, मिळाले नाही’ असे आले. दुसऱ्या उमेदवाराच्या वेळी प्लँट हेडना मध्येच लाइनवर जावे लागले आणि मुलाखत आवरती घेतली, म्हणून त्याच्या सुरक्षिततेच्या रकान्यात ‘विचारले नाही, वेळ संपला’ असे आले. तिसऱ्याच्या नोंदीतले गेजबद्दलचे वाक्यही याच कारणासाठी आहे. ती चूक माझी आहे, त्याची नाही.

बैठकीत एकेक उमेदवार घेऊन चर्चा करू नये. एकेक प्रश्न घ्यावा आणि त्यावरची सातही जणांची उत्तरे एकापाठोपाठ वाचावीत, मग पुढचा प्रश्न. कागद उभे वाचण्याऐवजी आडवे वाचायचे, एवढाच फरक आहे, पण त्याने दोन दोष लगेच उघडे पडतात. एक दोष एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्येच दाखवला होता. सैन्यातल्या अधिकाऱ्यांना त्यांच्या वरिष्ठांनी दिलेले गुण त्याने तपासले, तेव्हा शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि स्वभाव या वेगवेगळ्या गोष्टींचे गुण एकमेकांशी नको तितके जुळत होते. एक गोष्ट आवडली की बाकीच्याही वर सरकत होत्या. पाचव्या उमेदवाराच्या बोलण्याचा उजेड त्याच्या सुरक्षिततेच्या गुणांवर पडला होता, हे आम्हाला आडवे वाचल्यावरच कळले. दुसरा दोष क्रमाचा. पहिल्या उमेदवाराला दोष शोधण्याच्या पद्धतीसाठी मी तीन गुण दिले होते. तिसऱ्याच्या शेजारी ठेवून वाचले तर पहिल्यानेही इलेक्ट्रॉनिक कार्ड आधी बदलले होते आणि चाचणी नंतर केली होती. पायरीप्रमाणे ते दोनच होतात. पहिल्या दिवशी पहिल्याच मुलाखतीत माझा हात सैल होता, इतकेच. असे आढळले तर गुण बदलावेत, मात्र जुना आकडा एका रेघेने खोडून वाचता येईल असा ठेवावा आणि शेजारी तारीख व कारण लिहावे. उत्तराच्या नोंदीला मात्र हात लावू नये. बैठकीत काही नव्याने आठवले तर ते मूळ मजकुरात घुसडू नये, खाली वेगळे लिहावे. आठवणीवर बैठकीतल्या चर्चेचा रंग चढलेला असतो.

एकूण गुणांची बेरीज करून क्रम लावण्याचा मोह होतो. मी ती करत नाही. सुरक्षिततेत एक गुण असलेला माणूस इतर ठिकाणी चार-चार गुण मिळवून वर येऊ नये, असे हे काम आहे. कोणत्या रकान्यात किमान किती हवेत हे मुलाखतीआधीच ठरवावे. नंतर ठरवले तर आवडता उमेदवार पाहून ते ठरते.

या सगळ्याला एक मर्यादा आहे. नोंद कितीही नेकीने लिहिली तरी ती उमेदवाराने सांगितलेल्या गोष्टीची आहे, त्याने केलेल्या कामाची नाही. किस्सा चांगला सांगणारा आणि दोष चांगला शोधणारा हे वेगळे असू शकतात. म्हणून शेवटची पंधरा मिनिटे मी एक छापील हायड्रॉलिक सर्किट पुढे ठेवतो, ‘पंप चालू आहे, रॅम खाली येतो, पण दाब धरत नाही’ असे सांगतो आणि पहिल्यांदा कुठे तपासाल, मग कुठे, असे आकडे त्याच कागदावर घालायला लावतो. तो कागद नोंदीला जोडायचा. त्यावर माझे शब्द नसतात, त्यामुळे तुलनेत तो सगळ्यांत भरवशाचा ठरतो. तिसऱ्या उमेदवाराने तिथे पहिला आकडा सिलिंडरच्या लाइनवर घातला होता; पंपाचा अनुभव त्याला बराच महागात पडला असावा.

दुसऱ्या उमेदवाराचा रिकामा रकाना आम्ही फोन करून भरला. एकोणीस दिवसांनी, बारा मिनिटांच्या बोलण्यात, तोच प्रश्न त्याच शब्दांत. नोंदीत तारीख घातली आणि ‘फोनवर, प्रश्न आधी कळवला नव्हता, मुलाखत घेणारा एकच’ असेही लिहिले, कारण समोरासमोरच्या उत्तराशी त्याची पूर्ण बरोबरी होत नाही. त्याने आपणहून सांगितले ते असे: स्विचला कुलूप, रॅम खाली आणून ठोकळ्यावर, ॲक्युम्युलेटरचा दाब सोडून गेज शून्यावर आल्याचे स्वतः पाहणे, ‘आणि तरी पहिला नट अर्धाच सैल करायचा, तोंड बाजूला ठेवून’. त्या रकान्यात चार गुण आले. तिसऱ्यालाही त्याच दिवशी फोन करून गेजचा राहिलेला प्रश्न विचारला, तेव्हा तो म्हणाला, ‘गेज बघतोच असं नाही, बहुतेक वेळा दाब उतरलेलाच असतो.’ हे वाक्य जसेच्या तसे खाली जोडले, तारीख घातली, आणि त्याचे दोन गुण तसेच ठेवले. सुरक्षिततेत किमान तीन हवेत हे आधीच ठरले होते.